‘गरीब घरनी चालशे’ याचे मराठी काय करायचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या केंद्रांवर एक नवे काम येऊ लागले आहे आणि त्याची चर्चा आपण अजून केलेली नाही. गावाकडून कोणी मामा, कोणी भाऊ, क्वचित मुलगी स्वतः येते. हातात मोबाईल असतो आणि त्यावर एका कागदाचा फोटो. कागद लग्नाच्या बायोडाटाचा, पण भाषा परकी. सोलापूर-सांगलीकडे ती कानडी असते, नांदेडकडे तेलुगू, आणि आमच्या खानदेशात बहुतेक वेळा गुजराती. “ताई, तुम्हाला वाचता येतं ना? काय लिहिलंय तेवढं सांगा. आणि मराठीत चांगलं लिहून द्या, मुलीच्या वडिलांना दाखवायचंय.”

या ‘चांगलं लिहून द्या’बद्दल मला बोलायचे आहे. माझे बालपण बडोद्यात गेल्यामुळे मला गुजराती वाचता येते, म्हणून आमच्या गटात असे कागद माझ्याकडे येतात. हे कागद वाचताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. भाषांतरातला सौजन्याचा सूर शब्दांत असावा, माहितीत नसावा. मूळ कागदात जे आहे ते सगळे यावे, जे नाही ते आपण भरू नये, आणि जे झाकलेले आहे ते झाकलेलेच दिसावे. मग त्यावर जे विचारायचे ते वेगळ्या कागदावर, नम्रपणे, पण नक्की विचारावे.

हे एवढे साधे असेल तर लेख कशाला, असे मैत्रिणी विचारतील. प्रत्यक्ष कागद समोर आला की ते साधे राहत नाही. एक कागद ओळीओळीने पाहू. कोणाची ओळख पटू नये म्हणून गाव, आडनाव आणि काही आकडे बदलले आहेत.

मुलगी जळगाव जिल्ह्यातली, वय २२, बारावी झालेली, शिवणकाम करणारी. वडील शेतमजूर, धाकटा भाऊ १९ वर्षांचा. स्थळ उत्तर गुजरातेतल्या एका खेड्यातले. आणणारा मध्यस्थ. कागद मामाने आणला, म्हणजे मध्यस्थाने पाठवलेला फोटो. तो नीट पाहिला तर लक्षात आले की हा कागदाचा फोटो नव्हता, दुसऱ्या मोबाईलवर दिसणाऱ्या फोटोचा फोटो होता. कागदाचे तीनच कोपरे दिसत होते. खालची कड कापलेली होती.

पहिली गोष्ट इथेच. चारही कोपरे दिसत नसतील तर भाषांतराला हात लावू नये. बायोडाटात सोयीचे ते वर असते आणि गैरसोयीचे ते तळाशी ‘नोंध’ या शब्दापुढे बारीक अक्षरात असते. गुजराती ‘नोंध’ म्हणजे इथे आपली ‘टीप’. आम्ही मामांना सांगितले की मध्यस्थाला म्हणा, मूळ कागद उजेडात सपाट ठेवून वरून फोटो काढा, आणि मागची बाजूही पाठवा. चार दिवसांनी फोटो आला. खालच्या कापलेल्या भागात दोन ओळी होत्या. त्यांच्याकडे पुढे येते.

गुजराती लिपीबद्दल एक सावधगिरी. अक्षरावर शिरोरेघ नसली तरी बरीच अक्षरे आपल्या बाळबोधीच्या जवळची आहेत, त्यामुळे मराठी माणसाला वाटते की आपल्याला ते वाचता येते. फसगत आकड्यांत होते. गुजरातीतला २ आणि ‘र’ हे अक्षर, तसेच ५ आणि ‘प’ हे अक्षर सारखेच दिसते. फोटो अंधुक असेल तर वय, जमीन आणि पगार हे तीन आकडे कधीही अंदाजाने लिहू नयेत. ‘वाचता येत नाही’ असे कंसात लिहावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

आता मजकूर. जन्मसाल १९८८, आणि पुढच्याच ओळीत ‘उंमर ३१’. दोन्ही आकडे स्पष्ट होते. म्हणजे कागद २०१९-२० च्या सुमाराला लिहिलेला आहे आणि तेव्हापासून फिरतो आहे. मुलगा आता पस्तिशी ओलांडून गेला. मामांनी ‘एकतीस’ एवढेच वाचले होते. भाषांतरात मी दोन्ही ओळी जशाच्या तशा ठेवल्या. ‘वय लपवले आहे’ असे मी लिहिले नाही, कारण कोणी लपवले होते असे त्या कागदावरून सिद्ध होत नाही. जुना कागद तसाच पुढे पाठवलेला असू शकतो. मात्र मुलीच्या हातात जाणाऱ्या पानावर जन्मसाल ठळक होते.

पुढे शिक्षण. शीर्षक ‘अभ्यास’, आणि समोर ‘धोरण १० सुधी’. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणे आणि धोरण म्हणजे सरकारचे. गुजरातीत या जागी अभ्यास म्हणजे शिक्षण आणि धोरण म्हणजे इयत्ता. ‘सुधी’ म्हणजे पर्यंत. तेव्हा ‘शिक्षण : दहावीपर्यंत’. मामांना ‘दहावी पास’ लिहून हवे होते. पण पास हा शब्द कागदावर नव्हता. ‘दहावी नापास’ हेही मी लिहिणार नाही, कारण तेही कागदावर नव्हते. ‘दहावीपर्यंत’ हा शब्द खरा आहे आणि कोणाचा अपमानही करत नाही. सौजन्य आणि खरेपणा दोन्ही एकाच शब्दात सापडतात, असे पुष्कळदा होते. शोधायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

कुटुंबाच्या रकान्यात ‘स्व. दादा’ असे लिहून एक नाव होते. मामा धास्तावले होते. त्यांना वाटले मोठा भाऊ वारला, म्हणजे घरात तरुण विधवा भावजय असणार, तिची मुले असणार. गुजरातीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. आजोबा वारले होते, एवढेच. ‘मोसाळ’ म्हणजे आजोळ, ‘फोई’ म्हणजे आत्या. हे शब्द नुसते नात्याचे नाहीत. मोसाळचे गाव, आत्याचे गाव ही चौकशीची ठिकाणे आहेत. परप्रांतात चौकशी करायला आपल्याकडे दुसरे काय असते? म्हणून गावांची आणि तालुक्यांची नावे भाषांतरात अगदी अचूक, गुजराती उच्चाराप्रमाणे लिहावीत. ‘आजोळकडची माणसे चांगली’ असे गोळाबेरीज वाक्य करून ती पुसून टाकू नयेत.

भावंडांच्या ओळीत ‘२ भाई (१ परणेल), १ बहेन (कुंवारी)’. दोन भाऊ, त्यांतल्या एकाचे लग्न झालेले, आणि एक बहीण अविवाहित. ही साधी ओळ ध्यानात ठेवा.

मग जमीन. ‘१२ वीघा (संयुक्त)’. मध्यस्थाने तोंडी सांगितले होते, बारा एकर बागायत. वीघा म्हणजे एकर नव्हे, आणि गुजरातेत सगळीकडे वीघा एकसारखाही नाही. सौराष्ट्रात तो साधारण १६ गुंठ्यांचा धरतात, तर गुजरातच्या इतर बऱ्याच भागांत साडेतेवीस गुंठ्यांच्या आसपास. चाळीस गुंठ्यांचा एकर या हिशेबाने बारा वीघे म्हणजे एका हिशेबाने पाच एकरांहून कमी आणि दुसऱ्या हिशेबाने सात एकर. त्यापुढे ‘संयुक्त’ हा शब्द आहे. तीन भाऊ, एक बहीण, आई-वडील हयात. या मुलाच्या वाट्याला काय येईल हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून भाषांतरात एकर करू नये. ‘१२ वीघा, सामाईक’ असे लिहावे, आणि प्रश्नांच्या कागदावर सातबाऱ्याची नक्कल मागावी. गुजरातेतही आपल्यासारखाच सातबारा असतो, जुन्या मुंबई इलाख्याची ती देणगी आहे, आणि त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. तिथे वीघ्याचा घोळ राहत नाही. ही मागणी उद्धटपणाची आहे असे वाटून घेऊ नये. शेतकऱ्याला सातबारा मागणे अपमानाचे वाटत नाही. बँक रोज मागते.

आता कापलेल्या भागातल्या त्या दोन ओळी. पहिली अशी : ‘वैवाहिक स्थिति – फारगती.’

इथे भाषांतरकाराचा हात चटकन ‘घटस्फोटित’ या शब्दाकडे जातो. तो शब्द सभ्य आहे, मराठी वाचकाला कळणारा आहे, आणि नेमका इथे चुकीचा आहे. फारगती म्हणजे आपली फारकत. जातपंचांसमोर किंवा दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांसमोर, बहुधा स्टँपपेपरवर लिहून, नवराबायकोने वेगळे होणे. आपण ‘घटस्फोटित’ लिहिले की वाचणारा समजतो, कोर्टाचा निकाल आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीप्रमाणे होणारी फारकत राखून ठेवली आहे, हे खरे. पण अशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका निकालात स्पष्ट केले की लग्न मोडायचे तर सर्वसाधारण मार्ग न्यायालयाचा. रूढीची फारकत हा त्याला अपवाद आहे, आणि जो तो अपवाद सांगतो त्यानेच तो नीट मांडून सिद्ध करायचा. ते सिद्ध झाले नाही तर पहिले लग्न कायद्याने शिल्लक राहते, दुसरे कलम ११ प्रमाणे मुळातच रद्दबातल ठरते. हक्क मागायला उभी राहिल्यावर ‘तू बायकोच नाहीस’ हे ऐकून घ्यायची पाळी दुसऱ्या बाईवर येते. अशा बायका आपल्या केंद्रावर येतात. आपण त्यांना ओळखतो.

तेव्हा ‘फारगती’ हा शब्द मी तसाच ठेवला, पुढे कंसात ‘फारकत’ लिहिले, आणि प्रश्नांच्या कागदावर एक ओळ घातली. गुजरातीत ती अशी लिहिली : ‘फारगतीनो लेख तथा कोर्टनो हुकम होय तो तेनी नकल मोकलवा विनंती.’ फारकतीचा लेख आणि कोर्टाचा हुकूम असल्यास त्याची नक्कल पाठवावी ही विनंती. ‘तुमच्या मुलाचं पहिलं लग्न का मोडलं’ असे विचारले तर समोरचा चिडतो किंवा गोष्ट रचतो. कागद मागितला तर एक तर कागद येतो, नाही तर येत नाही. दोन्हींतून आपल्याला हवे ते कळते, आणि कोणाचे मन दुखावत नाही. सौजन्याचा सूर हवा तो इथे.

दुसरी ओळ ‘नोंध’ म्हणून होती : ‘सामसामे पण विचारीशुं.’ शब्दशः, समोरासमोरही विचार करू. मामांनी दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून याचा अर्थ ‘प्रत्यक्ष भेटून बोलू’ असा लावून घेतला होता. उत्तर गुजरातेत लग्नाच्या कागदावर सामसामे म्हणजे साटे. आमची मुलगी तुमच्या घरी, तुमची आमच्या घरी. मराठीत त्याला शब्द आहे आणि तो जुना आहे : साटेलोटे. आता तो आपण राजकारणाच्या बातम्यांतच वाचतो, पण खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना तो लग्नाचाच शब्द म्हणून माहीत आहे. भाषांतरात मी लिहिले, ‘साटेलोट्याचाही विचार करू.’

आता ती अविवाहित बहीण आठवा, आणि इकडचा एकोणीस वर्षांचा भाऊ. मुलीच्या वडिलांनी ती ओळ ऐकली आणि मामांकडे पाहिले. मध्यस्थाने ‘पुढेमागे पोराचंही बघता येईल’ असे मामांना सांगून ठेवले होते, आणि मामा त्यावर मान डोलावून आले होते. मुलीला हे ठाऊक नव्हते, मुलालाही नव्हते. कायद्याने मुलाचे वय २१ पूर्ण हवे, ही एक गोष्ट. साट्यात त्याहून मोठी अडचण अशी की दोन्ही घरांतल्या मुली एकमेकींच्या ओलीस होतात. एकीला मारहाण झाली आणि ती माहेरी आली, तर दुसरीलाही उठवून माहेरी पाठवतात, तिचा संसार चांगला चाललेला असला तरी. म्हणून पहिली तोंड उघडत नाही. ‘प्रत्यक्ष भेटून बोलू’ या गोड वाक्यामागे हे सगळे झाकले गेले असते.

शेवटी ‘अपेक्षा’. या कागदावर त्या चार होत्या : ‘संस्कारी, घरकाममां होशियार. ज्ञातिनो बाध नथी. लग्ननो तमाम खर्च अमारा तरफथी. गरीब घरनी चालशे.’

‘होशियार’चे मराठी ‘हुशार’ केले तर मुलीला वाटेल शिकलेली हवी. इथे अर्थ आहे कामात तरबेज. ‘घरकामात तरबेज’ असेच लिहिले पाहिजे. ‘ज्ञातिनो बाध नथी’ म्हणजे जातीची अट नाही. हे वाचून आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती खूश झाली. मला तिचा आनंद मोडावा लागला. ज्या घरांत एरवी ठरावीक गावांच्या गोळाबाहेर, म्हणजे सोयरिकीच्या ठरलेल्या वर्तुळाबाहेर, मुलगी देत-घेत नाहीत, तिथला पस्तिशीचा मुलगा परप्रांतातल्या कोणत्याही जातीची मुलगी करायला तयार होतो, तेव्हा त्याच्या गोळात त्याला मुलगी मिळत नसते. २००१ च्या जनगणनेत गुजरातेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या. ती मुले आता लग्नाच्या वयाची झाली आहेत किंवा ते वय ओलांडून चालली आहेत. आपल्याला नाक वर करायला जागा नाही. महाराष्ट्रात तोच आकडा २००१ मध्ये ९१३ होता आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरला. आपल्या ऊसपट्ट्यातली मुलग्यांची घरे कर्नाटकात मुली शोधत फिरतात, तेव्हा आपले मराठी बायोडाटा तिकडे कोणीतरी कानडीत करून देतच असेल. पण हे सगळे माझे विवेचन झाले. भाषांतरात मी फक्त लिहिले, ‘जातीची अट नाही.’ तेच वाक्य, तेवढेच वाक्य.

आणि मग ‘गरीब घरनी चालशे’. मामा म्हणाले, “ताई, हे जरा बरं करून लिहा. पाहुण्यांचं मन वाईट नसतं, बोलायची पद्धत असते. ‘आर्थिक परिस्थितीची अट नाही’ असं लिहा की.” आमच्या गटातली दुसरी मैत्रीण नेमके उलटे म्हणाली, “स्पष्ट लिही की यांना बाई विकत घ्यायची आहे. खर्च आम्ही करू म्हणजे काय ते कळतंच की.”

मला दोघांचेही पटले नाही. ‘आर्थिक परिस्थितीची अट नाही’ हे वाक्य दोन बरोबरीच्या घरांतले आहे. ‘चालेल’ हा बरोबरीचा शब्द नाही. उजवे नसले तरी भागवून घेऊ, असा त्याचा भाव आहे, आणि गुजराती ‘चालशे’ आणि मराठी ‘चालेल’ या दोन्ही शब्दांचे वजन अगदी सारखे आहे. त्या घरात जाऊन राहणाऱ्या मुलीला हे वजन आधी कळले पाहिजे. दुसऱ्या मैत्रिणीचा संताप मला समजतो, पण ‘विकत घ्यायची आहे’ असे कागदावर लिहिलेले नाही. आपण आपला निष्कर्ष भाषांतरात घुसवला, की मध्यस्थ आणि आपण यांच्यात फरक राहत नाही. तो गोड बाजूने घुसवतो, आपण कडू बाजूने. शिवाय उद्या मामा तोच कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतील, शब्द जुळणार नाहीत, आणि ‘बायकांच्या संघटनेने स्थळ मोडायला खोटं लिहिलं’ ही गोष्ट पंचक्रोशीत फिरेल. मग पुढची मुलगी आपल्याकडे येणार नाही. मी लिहिले, ‘गरीब घरची चालेल.’ खर्चाच्या ओळीखाली प्रश्नांच्या कागदावर एक प्रश्न घातला : खर्च कोणाच्या हातात देणार, आणि मध्यस्थाला काही रक्कम ठरली आहे का?

यातून आम्ही एक पद्धत ठरवली आहे. भाषांतराचे दोन कागद करायचे. पहिल्यावर मूळ कागदाच्या ओळी त्याच क्रमाने, आपला एकही शब्द न घालता. न वाचता आलेले तसे नोंदवून. तळाशी भाषांतर करणारीची सही आणि तारीख. दुसऱ्यावर फक्त प्रश्न, मराठीत आणि समोरच्यांच्या भाषेत, विनंतीच्या सुरात. आपली मते, आपली भीती, आपला कायदा हे तिसरे, आणि ते तोंडी, मुलीशी बसून बोलायचे.

मुलीशी, हे मी मुद्दाम म्हणते. भाषांतर मागायला मामा येतो, कागद वडिलांना दाखवायचा असतो, आणि जिला त्या भाषेत उरलेले आयुष्य काढायचे आहे ती चुलीपाशी असते. आम्ही आता अट घालतो की पहिले वाचन तिच्यासमोर होईल. या मुलीने सगळे ऐकून एकच प्रश्न प्रश्नांच्या कागदात घालायला सांगितला. तो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. “पहिली आता कुठं असते? तिच्याशी बोलता येईल का?”

तिचा स्वतःचा बायोडाटाही गुजरातीत करून पाठवायचा होता. मामांनी लिहून आणलेल्या कागदावर उंची, रंग, शिक्षण, शिवणकाम असे सगळे होते. अपेक्षांच्या जागी ‘अनुरूप’ एवढाच शब्द. याचे भाषांतर काय करायचे? मी तिला विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, शिवणयंत्र सोबत नेऊ द्यावे, आणि दिवाळीला व आखाजीला माहेरी यायला मिळावे. स्वतःचा फोन असावा, हे तिने सगळ्यांत शेवटी आणि हळू आवाजात सांगितले. मी ते तिन्ही गुजरातीत लिहिले, ‘विनंती’ हा शब्द न वापरता, ‘अपेक्षा’ याच मथळ्याखाली, जसे त्यांनी त्यांच्या चार लिहिल्या होत्या. आखाजीला तिकडे अखात्रीज म्हणतात. त्यांना ते नीट कळले असणार. घराचा पत्ता आणि तिचा फोन नंबर मात्र त्या कागदावरून काढून टाकला आणि संपर्काला वडिलांचे नाव ठेवले. हे फोटो किती मोबाईलवरून फिरतात ते आपण पाहिलेच.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. फारकतीच्या लेखाचा फोटो आला. स्टँपपेपर होता, पंचांच्या सह्या होत्या. कोर्टाचा हुकूम नव्हता. सातबारा आला नाही. पहिल्या बायकोबद्दलच्या प्रश्नाला उत्तर आले नाही. साट्याबद्दल लिहिले होते, ‘ते नंतर पाहू.’ वडिलांनी नाही म्हणून कळवले. ते फारकतीमुळे म्हणाले नाहीत, जमिनीमुळेही नाही. पोराला बांधून घ्यायचे नाही म्हणून म्हणाले. मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत. नकाराचे पत्रही मीच गुजरातीत लिहिले, त्यांच्या वेळेबद्दल आभार मानून. तिकडच्या घरातही एक अविवाहित मुलगी बसली आहे, आणि त्या कागदावर तिला कोणी काही विचारलेले दिसत नव्हते.

अशा कामात आपण पडूच नये, लग्ने जमवणे हे आपले काम नाही, असे काही मैत्रिणींचे मत आहे. मला ते मान्य नाही. आपण वाचून दिले नाही तर मध्यस्थ वाचून देतो. आपल्या केंद्रांनी एक साधी वही करावी असे मला सुचवायचे आहे. आपल्या सीमेपलीकडच्या भाषेतले बायोडाटातले पन्नासेक शब्द, त्यांचे मराठी, आणि त्यांच्यापुढे कोणता प्रश्न विचारायचा तो. गुजरातीची वही आम्ही सुरू केली आहे. मागवल्यास नक्कल पाठवू. कानडी आणि तेलुगू जाणणाऱ्या मैत्रिणींनी आपापल्या भागातले शब्द लिहून कळवावेत. विशेषतः दुसरेपणा, फारकत, साटे आणि जमिनीचे माप यांना तिकडे काय म्हणतात, ते आधी.